अर्ध्या वाटीनंतरचा ठसका

माझे भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, धंद्याने रंगारी. लोकांची घरं रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि त्या आयुष्यात त्यांनी स्वतःच्या घरात कधी चहासुद्धा केला नव्हता. घरी आले की हात धुवायचे, खुर्चीत बसायचे आणि समोर येईल ते जेवायचे. भाजीत मीठ कमी असलं तरी बोलायचे नाहीत, जास्त असलं तरी बोलायचे नाहीत. ताईला याचा फार राग यायचा. ती म्हणायची, भिंतीला नवऱ्यापेक्षा जास्त चव कळते.

मी स्वतः एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करते. शेकडो माणसांचं करायची सवय असल्यामुळे माझा आवाज मोठा आहे आणि धीर थोडा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्या दिवसांत मी भाऊजींशी फार चांगली वागले असं काही नाही. पण त्यांनीही मला वैताग कमी दिला नाही.

झालं असं, की ताईला अर्धांगाचा झटका आला. डावा हात गेला, डाव्या पायात थोडी ताकद राहिली, बोलणं जवळजवळ बंद झालं. त्याहून वाईट म्हणजे तिचं गिळणं बिघडलं. पाण्याचा घोट घशात जायच्या ऐवजी श्वासनळीकडे वळायचा. दवाखान्यातून घरी पाठवली तेव्हा तिच्या नाकात नळी होती आणि त्या नळीतून अन्न पोटात जायचं. ताई माझी तिखट बाई. ती आरशात बघायची नाही. नळी घातल्यापासून तिने डोळ्यांत एक पडदाच ओढून घेतला होता.

गिळणं परत शिकवायला एक तरुण थेरपिस्ट घरी यायची. शांत मुलगी, पण बोलायची ते स्पष्ट. तिने आम्हाला दोघांना समोर बसवून सांगितलं की पातळ पदार्थ ताईसाठी धोक्याचा आहे, तो घशातून फार वेगाने उतरतो आणि छातीत गेला तर न्यूमोनिया होतो. घट्ट सूपपासून सुरुवात करायची. त्यात साल नको, बी नको, दोरा नको. चमचा कलता केला की एका सपाट थेंबात हळूच पडलं पाहिजे, धार लागता कामा नये आणि गोळाही पडता कामा नये. रोज थोडं थोडं वाढवायचं, प्रत्येक वेळी छोट्या वाटीत थोडं काढून द्यायचं. शेवटी तिच्यासमोर ताईने एक पूर्ण वाटी ठसका न लागता संपवली, तर नाकातली नळी काढायची शिफारस ती डॉक्टरांकडे करणार होती. नाही जमलं तर पोटाला छेद देऊन तिथून नळी बसवायची. नाकातली नळी फार दिवस ठेवता येत नाही.

पोटातली नळी हे शब्द ऐकले आणि ताईने उजव्या हाताने चादर घट्ट धरली. ती बोलू शकत नव्हती, पण ऐकू सगळं येत होतं. भाऊजींनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

मी म्हटलं, सूप मी करून ठेवत जाईन, तुम्ही फक्त गरम करा. भाऊजी नाही म्हणाले. माझी कॅन्टीनमधली पाळी सकाळपासूनची, दुपारी ताईला भूक लागणार तेव्हा मी तिथे नसणार, आणि घट्टपणा बदलला तर तो ओळखणार कोण? मीच शिकतो, म्हणाले. माझ्या मनात आलं, उंटावरचा शहाणा आता आपल्या स्वयंपाकघरात उतरला.

पहिल्या दिवशी त्यांनी काय केलं ते छतावर बरेच दिवस दिसत होतं. टोमॅटो, गाजर, लाल भोपळ्याची फोड आणि अर्धा कांदा मी सांगितलं तसं मऊ होईपर्यंत शिजवलं. इथपर्यंत ठीक. मग उकळतं सगळं तसंच मिक्सरमध्ये ओतलं, भांडं काठोकाठ भरलं आणि झाकण दाबून बटण फिरवलं. वाफेने झाकण उडालं. जन्मभर दुसऱ्याच्या फरशीवर थेंब न पाडणारा माणूस लाल चिखलात उभा होता. मला हसू आलं, पण त्यांच्या मनगटावर चटका बसला होता, म्हणून हसू आवरून मी हात नळाखाली धरायला लावला. निवू द्यायचं, भांडं निम्मंच भरायचं, एवढं सांगितलं.

दुसऱ्या खेपेला मात्र त्यांच्यातला रंगारी जागा झाला. गाळणीत वाटण घेतलं, पळीच्या पाठीने दाबत दाबत खाली उतरवलं, गाळणीच्या बाहेरून चिकटलेला गरही निपटून घेतला. सालं आणि बिया वर राहिल्या. मला ते पुरेसं वाटलं. त्यांना नाही. गाळलेलं सूप पळीने उचलून खिडकीच्या उजेडात धरलं आणि मला गाजराचा एक बारीक तंतू दाखवला. मग धुतलेलं पातळ सुती कापड घेऊन परत गाळलं. रंगात एक केस राहिला तर भिंतीवर रेघ उठते, म्हणाले, आणि इथे तर घसा आहे.

सूप घट्ट करायला लागणाऱ्या कॉर्नफ्लोअरच्या बाबतीत मी टपून बसले होते. शिकाऊ माणूस पीठ थेट उकळत्या भांड्यात टाकतो आणि गुठळ्या होतात, हा माझा कॅन्टीनमधला अनुभव. यांनी पीठ वाटीत घेतलं, गार पाण्याचे दोन चमचे घालून गुळगुळीत कालवलं, भांड्याखालची आच कमी केली आणि एका हाताने ढवळत दुसऱ्या हाताने बारीक धार सोडली. एकही गुठळी नाही. भुकटीचा रंग असाच कालवायचा असतो म्हणे. ते लगेच आच बंद करायला निघाले तेव्हा मात्र मी हात धरला. पीठ कच्चं राहतं, एक-दोन मिनिटं बुडबुडे येऊ द्या, पिठूळपणा जाऊन तकाकी आली पाहिजे.

घट्टपणा त्यांनी गरम असतानाच बेतला आणि सूप कोमट झालं तेव्हा चमच्यातून हलेना. मग कळलं की हे थंड होताना आणखी आवळतं. म्हणजे घट्टपणा बघायचा तो खाण्याच्या वेळी जेवढं गरम असेल तेवढं निवल्यावर. त्यांनी गरम पाण्याने ते बेताचं केलं, चमचा कलता केला, सपाट थेंब पडला. माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. इतक्या वर्षांत त्या माणसाने माझं मत विचारल्याचं मला आठवत नाही.

आणि ताईने तोंडच उघडलं नाही.

एक चमचा घेतला, जेमतेम गिळला, मग ओठ मिटून मान फिरवली. भाऊजी चमचा घेऊन तसेच बसले. थोडं घे गं, एवढंच दोनदा म्हणाले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. त्यांचं तोंड पांढरं पडत चाललं. तिला गिळता येत नाही, तिने आशा सोडली, असं ते मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाले. मी भांड्यात उरलेलं चाटून बघितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आंबट ढाण, आणि मिठाचा पत्ता नाही.

"तुम्ही हे चाखलंत का?" मी विचारलं.

ते म्हणाले, नाही. मी म्हटलं, का नाही? तर ते गोंधळले. शेवटी म्हणाले की डब्यात ढवळलेली वस्तू तोंडाला लावायची नाही, हे त्यांच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं. रंगात काय काय असतं, बोट चाटलं तर पोटात विष. ती सवय इतकी मुरली होती की हातात पळी असताना त्यांचं तोंड आपोआप बंद व्हायचं. माझा सगळा राग जागच्या जागी विरला.

मग मी त्यांना चाखायला शिकवलं. चाखायचा चमचा वेगळा, तो भांड्यात परत जायचा नाही. मीठ शेवटी, कारण सूप आटलं की खारटपणा वाढतो. आधी चिमूटभर, ढवळायचं, चाखायचं, मग पुढची चिमूट. टोमॅटो आंबट असेल तर भोपळा थोडा वाढवायचा आणि साखरेचे चार दाणे, गोड लागण्याइतके नव्हेत. मिऱ्याची पूड नको, ती घशात टोचते; आख्खे चार मिरे भाज्यांबरोबर उकळायचे आणि वाटायच्या आधी वेचून काढायचे. शेवटी लोण्याचा छोटा तुकडा. पहिला घोट जिभेवर ठेवताना भाऊजींनी डोळे मिटले होते, औषध घेतल्यासारखे. मग परत मीठ घातलं. परत चाखलं. म्हणाले, आता काहीतरी आहे यात.

ताईने पहिला चमचा घेतला, थांबली, आणि तोंड पुन्हा उघडलं. मी दारामागे उभी राहून रडले, ते सांगायला मला लाज नाही.

पण सुख फार टिकलं नाही. अर्धी वाटी नीट जायची आणि अर्ध्या वाटीनंतर ठसका लागायचा. साधा नव्हे, डोळ्यांत पाणी आणणारा, चेहरा लाल करणारा. भाऊजी तिला पुढे वाकवून धरायचे, आणि खोकला थांबेपर्यंत आमचा जीव टांगणीला. थेरपिस्टने सांगून ठेवलं होतं की ठसका लागला की त्या वेळचं खाणं तिथेच थांबवायचं. म्हणजे रोज अर्धी वाटी वाया. पूर्ण वाटी कधी व्हायची? थेरपिस्ट तर येत्या शुक्रवारी बघायला येणार होती.

भाऊजींनी कॉर्नफ्लोअरला दोष दिला आणि दुसऱ्या दुकानातून आणलं. फरक नाही. मग अर्ध्या वाटीतच वरून कच्चं पीठ घालून ढवळायला निघाले, ते मी हिसकावून घेतलं. पिठाची गुठळी तिच्या घशात अडकली असती तर? आमचं जोरदार भांडण झालं. मी म्हटलं, ती दमते, घसा दमतो, मान्य करा. पोटातली नळी बसवू देत, लोक त्यावरही जगतात. ते म्हणाले, "त्या दिवशी तू तिच्या हाताकडे बघितलं नाहीस का? ती नळी बसली तर ही परत तोंड उघडणार नाही." आम्ही आवाज खाली ठेवला होता, पण भिंती पातळ होत्या. आत ताईने पलंगाच्या दांड्यावर हात आपटला. भांडण तिथेच थांबलं.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. ठसका लागला, खाणं थांबलं, ताईला टेकवून बसवलं आणि मी वाटी धुवायला नेली. भाऊजींनी ती माझ्या हातातून घेतली. का कोण जाणे, चमचा बुडवून कलता केला. सूप पाण्यासारखं धार लावून खाली गेलं. त्यांनी पातेल्याचं झाकण काढलं, त्यात दुसरा चमचा बुडवला. तिथे घट्ट, सपाट थेंब. एकाच भांड्यातलं, एकाच वेळी काढलेलं.

त्यांनी दोन्ही चमचे ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. रंगाच्या जगात असं होत नाही, म्हणाले. उघडा ठेवलेला रंग आवळतो, साय धरतो, आपणहून पातळ होत नाही कधी. याच्यात टर्पेंटाइन ओतल्यासारखं कोणी काय ओतलं? मी म्हटलं, वाटी ओली असेल. त्यांनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं. वाटीत काय जातं, त्याचा ते विचार करत होते. वाटीत चमचा जातो, तोंडात जातो, परत वाटीत येतो. भिंतीला लावलेला ब्रश मोठ्या डब्यात बुडवायचा नाही, भिंतीचा कचरा डब्यात येतो, हे त्यांनीच किती पोरांना शिकवलं होतं.

मग त्यांनी दोन स्वच्छ वाट्या मांडल्या, दोन्हींत पातेल्यातलं कोमट सूप घातलं. एकीत स्वच्छ चमचा फिरवला. दुसरा चमचा नीट चाटला, दुसऱ्या वाटीत फिरवला, परत चाटला, परत फिरवला. आम्ही दोघं स्टुलांवर बसून त्या वाट्यांकडे बघत राहिलो. ताईचं जेवण जेवढा वेळ चालायचं साधारण तेवढा वेळ. शेवटी त्यांनी दोन्ही चमचे उचलले. पहिल्यातून थेंब पडला. दुसऱ्यातून धार लागली.

उष्टा चमचा! आमची आई भांड्यात उष्टा चमचा घातला की पाठीत रट्टा द्यायची. मला वाटायचं, ती फक्त रीत आहे.

मी थेरपिस्टला फोन लावला. ती म्हणाली, बरोबर आहे, लाळेने पिठाचा घट्टपणा मोडतो, ताईंना तर लाळ आवरत नाही, त्यामुळे चमच्याबरोबर जास्तच जाते. म्हणून तर पहिल्या दिवशी सांगितलं होतं, छोट्या वाटीत थोडं थोडं काढून द्या. सांगितलं होतं खरंच. आम्ही दोघांनी त्याचा अर्थ घेतला होता की कमी खाऊ घाला. पोटातल्या नळीचं नाव कानावर पडल्यावर बाकीचं कोणाच्या डोक्यात शिरलं होतं? ती रागावली नाही. म्हणाली, दर वेळी स्वच्छ चमचा, आणि पातेलं तोंडापासून लांब.

भाऊजींनी घरातले सगळे छोटे चमचे गोळा केले. माझ्याकडचेही मागवले. सूपही थोडं बदललं. भोपळा आणि गाजर वाढवून गरानेच अंगभूत दाटपणा आणला, पीठ कमी केलं. गर लाळेने तितका मोडत नाही, हे थेरपिस्टनेच सांगितलं. मधल्या दिवसांत ताईने अर्ध्या वाटीच्या पुढे मजल मारली, पण पूर्ण वाटी तिला आम्ही दिली नाही. घाबरलो होतो. आधीच दमवलं आणि शुक्रवारी घोडं अडलं तर?

शुक्रवारी थेरपिस्ट आली. तिने ताईला ताठ बसवलं, हनुवटी थोडी खाली घ्यायला लावली, खिडकी उघडली. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मोठी वाटी टेबलावर झाकून ठेवली होती, शेजारी चिमुकली वाटी आणि चमच्यांची रांग. एक चिमुकली वाटी संपली, दुसरी भरली. ताई गिळायची, थेरपिस्ट तिच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून बघायची, मग मान डोलवायची. जिथे रोज ठसका लागायचा ती जागा आली. भाऊजींचा चमचा हवेत थांबला. ताईनेच तोंड उघडलं आणि वाट बघत बसली. तो चमचा गेला. पुढचाही गेला.

मग ती खोकली.

एकदाच, छोटं. थेरपिस्टने हात वर केला, थांबा. ताईला म्हणाली, आ म्हणा. ताईने मोठा प्रयत्न करून आ म्हटलं. आवाज घोगरा होता, तुटका होता, पण ओला नव्हता. थेरपिस्टने परत म्हणायला लावलं, कान जवळ नेला. घशात पाणी साचलं की आवाज गुरगुरतो, तसा हा नव्हता. घसा साफ केला त्यांनी, एवढंच, ती म्हणाली. पुढे चला.

मोठी वाटी संपत आली. तळाशी एकच चमचा सूप उरलं. भाऊजींनी तो भरला आणि पुढे केला. ताईने ओठ मिटले. अगदी तसेच, पहिल्या दिवसांत मिटायची तसे. इतकं सगळं केल्यावर शेवटच्या चमच्याला?

"एवढा एकच," भाऊजी म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकी अजिजी मी कधी ऐकली नव्हती. "मग नाही सांगणार. एवढा एकच घे."

ताईने मान हलवली. नाही. मग उजवा हात उचलला, त्यांच्या हातातला चमचा घेतला, ओठांना लावून त्यातलं निम्मं गिळलं, आणि उरलेला चमचा हळूहळू, सांडू न देता, त्यांच्या तोंडासमोर धरला.

भाऊजी त्या चमच्याकडे बघत राहिले. हा माणूस स्वतः कधी काय खातो हे मी त्या दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं. पण पलंगावर पडून ती बघत होती. थेरपिस्ट हळूच म्हणाली, "घ्या ना. त्यांचं झालं. मी डॉक्टरांना कळवते, नळी काढायला हरकत नाही."

त्यांनी तोंड उघडलं, ताईने भरवलं. आणि घशाशी आलेलं रडू आणि सूप एकाच वेळी गिळायला गेले. त्या दिवशीचा खरा जोरदार ठसका लागला तो भाऊजींना. डोळे लाल, श्वास वर, शर्टावर लाल डाग. ताईने आपल्या एका चालत्या हाताने त्यांची मान पुढे वाकवली आणि खोकला थांबेपर्यंत पाठीवरून हात फिरवत राहिली.